थर्मल ड्रोनच्या अहवालात ३८ 'हॉटस्पॉट' : आधी कशाला हात लावायचा?

सांगोलेकर
नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यातल्या ३ मेगावॅटच्या जमिनीवरच्या प्लांटची देखभाल माझ्याकडे आहे. ५४० वॅटची, अर्ध्या कापलेल्या सेलची हाफ-कट पॅनेल, मालिकेत जोडलेल्या एका स्ट्रिंगमध्ये २८, दक्षिणेकडे १५ अंश उतार, आणि स्ट्रिंगा एससीबीत, म्हणजे त्यांच्या तारा एकत्र करणाऱ्या डब्यात, येतात. मागच्या आठवड्यात एका एजन्सीकडून थर्मल कॅमेऱ्याच्या ड्रोनने तपासणी करून घेतली. पीडीएफ आली आहे आणि तिच्यात ३८ नोंदी आहेत. सगळ्यांपुढे एकच शब्द, 'हॉटस्पॉट', आणि सगळ्यांसाठी एकच उपाय, 'पॅनेल बदला'.

फोटो बघून मी त्यांचे चार गट केले. २९ पॅनेलमध्ये एखादाच सेल तापलेला दिसतो. सगळ्यात गरम सेल शेजारच्या सेलपेक्षा ३१ अंशांनी जास्त आहे. ७ पॅनेलमध्ये एक तृतीयांश उभा पट्टा ३ ते ५ अंशांनी गरम आहे. एक पॅनेल पूर्ण गरम आहे, पण तेही ठिपक्याठिपक्यांनी, बुद्धिबळाच्या पटासारखं. आणि एका ठिकाणी सलग २८ पॅनेल शेजारच्या रांगेपेक्षा साधारण साडेचार अंशांनी गरम आहेत. अहवालात ही शेवटची नोंद 'किरकोळ' म्हणून लिहिली आहे.

मालकांचं म्हणणं, ३१ अंशवाल्यापासून सुरुवात करा. माझं मन मानत नाही. अनुभवी लोकांनी सांगावं, कुठून सुरू करू?

डीसी_वायरमन
२८ पॅनेल सलग गरम म्हणजे अख्खी स्ट्रिंग मेली आहे. आजच जा. बाकीचं नंतर बघा राव.

नवखा_इंजिनिअर
पण ती तर फक्त साडेचार अंशांनी गरम आहे ना? ३१ अंश मोठं की साडेचार?

उष्मारेखा
सांगोलेकर, गट छान पाडले आहेत. अहवाल देणाऱ्यांनीच हे करून द्यायला हवं होतं.

नवखा, तुमचा प्रश्न योग्य आहे, कारण बहुतेक लोक इथेच फसतात. पॅनेलवर जेवढं ऊन पडतं त्याचा साधारण पाचवा हिस्सा वीज होऊन तारेतून निघून जातो. स्ट्रिंग कुठेतरी तुटली की करंट वाहत नाही आणि तो पाचवा हिस्सासुद्धा काचेखाली उष्णता होऊन राहतो. त्यामुळे सगळी पॅनेल चालू पॅनेलपेक्षा चार-सहा अंशांनी, सगळीकडे सारखी, गरम होतात. त्याहून जास्त नाही. म्हणजे साडेचार अंश हा आकडा लहान दिसला तरी त्याचा अर्थ २८ पॅनेल शून्य वीज देताहेत असा आहे.

३१ अंशांचा सेल ही वेगळी गोष्ट आहे. तिथे एकच सेल अडतो आणि त्याच्या मालिकेतले बाकीचे सेल आपला करंट त्याच्यातून ढकलतात. ती वीज त्या एका जागी जळते. तापमान भरपूर वाढतं, पण उत्पादनाचं नुकसान कधीकधी नगण्य असतं. अंशांचा फरक एकटा वाचायचा नाही. आधी आकार बघायचा : सेल, पट्टा, पॅनेल की स्ट्रिंग. मग अंश बघायचे.

हिशेबनीस
मालकांना पैशात सांगा, लगेच पटेल. २८ गुणिले ५४० म्हणजे १५.१ किलोवॅट. आपल्याकडे चांगल्या दिवसात एका किलोवॅटमागे साडेचार युनिट धरली तरी रोज ६८ युनिट गेली. तीन रुपये दर धरा, महिन्याला सहा हजारांच्या वर. सातही पट्टे एकत्र केले तरी ७ गुणिले १८० म्हणजे सव्वा किलोवॅटच भरतो.

पण एक विचारतो. अख्खी स्ट्रिंग बंद असताना तुमच्या मॉनिटरिंगमध्ये दिसलं कसं नाही?

सांगोलेकर
त्या एससीबीचं करंट मोजणारं कार्ड पावसाळ्यापासून बंद आहे. इन्व्हर्टरच्या एकूण आकड्यात १५ किलोवॅट लपून जातात. कार्ड मागवलं आहे.

ड्रोनवाला_बार्शी
मी हेच काम करतो म्हणून सांगतो. आधी एजन्सीने एमिसिव्हिटी, म्हणजे पृष्ठभाग किती उष्णता बाहेर फेकतो त्याचा आकडा, किती ठेवली होती ते विचारा. बरेच जण कॅमेरा ०.९५ वर तसाच सोडतात. काचेला ०.८५ ते ०.९० लागते. ती चुकली असेल तर सगळा अहवाल बाद. पुन्हा उडवावं लागेल.

उष्मारेखा
दादा, अर्धं बरोबर. एमिसिव्हिटी चुकली की 'हा सेल ७१ अंशांवर आहे' हा आकडा चुकतो, कारण काच थोडं आकाशही परावर्तित करते आणि निरभ्र आकाश कॅमेऱ्याला फार थंड दिसतं. पण आपण इथे त्याच काचेवरच्या दोन शेजारच्या सेलमधला फरक वाचतो आहोत. दोन्हीकडे चूक जवळपास सारखीच होते. ३१ चे २८ किंवा ३४ होतील, ३१ चे ५ होणार नाहीत. शिवाय प्रत्येक पिक्सेलचं तापमान साठवणारी मूळ रेडिओमेट्रिक फाइल असेल तर एमिसिव्हिटी नंतर संगणकावर बदलता येते. त्यासाठी पुन्हा उडवायची गरज नाही.

म्हणून सांगोलेकर, पीडीएफवर थांबू नका. प्रत्येक फोटोची मूळ फाइल आणि त्याच क्षणाचा साधा रंगीत फोटो, दोन्ही मागून घ्या. पीडीएफमध्ये प्रत्येक चित्राची रंगपट्टी आपोआप ताणली जाते. त्यामुळे एका चित्रात २ अंशांचा फरक लालभडक दिसतो आणि दुसऱ्या चित्रात २० अंशांचा फरक तसाच लाल दिसतो. सगळ्या चित्रांना एकच पट्टी लावा, समजा ४० ते ८० अंश, आणि मग बघा किती लाल उरतं.

ड्रोनवाला_बार्शी
फरकाचं म्हणणं मान्य, ताई. मूळ फाइलचं तर शंभर टक्के मान्य. बरेच जण स्क्रीनशॉट पाठवतात, त्यातून तापमान काढताच येत नाही.

गच्चीवरचा
माझ्या पुण्यातल्या गच्चीवर ३ किलोवॅट आहे, सहा पॅनेल. बिल जास्त येतंय. ड्रोन किती उंचीवरून उडवू? परवानगी लागते का?

डीसी_वायरमन
सहा पॅनेलला ड्रोन कशाला दादा. दुपारी एक वाजता गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीची, अँटेनाची सावली कुठे पडते ते बघा. मग क्लॅम्प मीटरने करंट मोजा.

ड्रोनवाला_बार्शी
आणि पुण्यात मोठा भाग विमानतळामुळे लाल-पिवळ्या झोनमध्ये येतो. सरकारच्या डिजिटल स्कायचा नकाशा बघितल्याशिवाय काहीच उडवू नका. सांगोल्यासारख्या ग्रीन झोनमध्ये १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, पण ड्रोनची नोंदणी आणि धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवंच. शिवाय फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, त्यामुळे एजन्सी कुठलं यंत्र आणते ते कागदावर बघून घ्या.

राईनकाठ
इकडे जर्मनीत हेच काम करतो, म्हणून उड्डाणाबद्दल थोडं. अहवालात उड्डाणाची उंची, पॅनेलच्या पातळीत मोजलेलं ऊन आणि वारा, हे तीन आकडे दिले आहेत का?

आयईसी ६२४४६ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या तिसऱ्या भागात ऊन किमान ६०० वॅट प्रति चौरस मीटर, तेही पॅनेलच्या उतारात मोजलेलं, असं म्हटलं आहे. वारा ताशी २८ किलोमीटरच्या आत हवा. ढग येऊन गेला तर दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, कारण काच आणि सेल पुन्हा स्थिर व्हायला तेवढा वेळ घेतात.

सांगोलेकर
उंची ४० मीटर, ऊन ७२०, वारा ताशी ११ किमी. कॅमेरा ६४० बाय ५१२ चा, लेन्स ९.१ मिलिमीटर.

राईनकाठ
४० मीटर जास्त झाले. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल १२ मायक्रॉनचा असतो. १२ मायक्रॉन भागिले ९.१ मिमी, आणि त्याला उंचीने गुणा. ४० मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवर ५.३ सेंटिमीटर होतो. तुमचा अर्धा सेल १८.२ बाय ९.१ सेंटिमीटरचा. म्हणजे त्याच्या आखूड बाजूवर जेमतेम पावणेदोन पिक्सेल पडतात. गरम बिंदू आणि भोवतालची थंड काच एकाच पिक्सेलमध्ये मिसळते आणि आकडा कमी दिसतो. तुमचे ३१ अंश खरे ४० असू शकतात.

पट्टा किंवा स्ट्रिंग शोधायला ४० मीटर चालतात. एकेका सेलवर निर्णय घ्यायचा असेल तर आखूड बाजूवर निदान पाच पिक्सेल मिळायला हवेत. त्यासाठी १४ मीटरच्या आसपास यावं लागेल. सगळा प्लांट इतक्या खालून उडवू नका, फक्त संशयितांवर जा.

ड्रोनवाला_बार्शी
१४ मीटरवर पंख्यांच्या वाऱ्याने काच थंड होत नाही का? आम्ही २० च्या खाली जात नाही.

राईनकाठ
या आकाराच्या ड्रोनचा झोत १४ मीटरवर फार उरत नाही. पण धूळ उडते हे खरं. ती पॅनेलवर बसली तर तुम्हीच नवं काम तयार कराल. कोरड्या मातीच्या वाटेवर घिरट्या घालू नका.

उष्मारेखा
कोनाचंही बघा. तुमचा उतार १५ अंश दक्षिणेकडे आहे, म्हणून कॅमेरा पॅनेलच्या दक्षिणेला ठेवून उत्तरेकडे बघत ७५ अंश खाली झुकवला की तो काचेला काटकोनात येतो. अगदी काटकोन मात्र नको. ड्रोनचं स्वतःचंच प्रतिबिंब काचेत उबदार ठिपका होऊन दिसतं. आठ-दहा अंश बाजूला राहा. उलट काटकोनापासून ६० अंशांच्या पुढे गेलात तर काच आरशासारखी वागते आणि आकाशच मोजलं जातं.

ठिपका खरा की प्रतिबिंब, हे ओळखायचा सोपा उपाय : ड्रोन दोन मीटर बाजूला सरकवा. प्रतिबिंब काचेवरून सरकतं. खरा गरम सेल आपल्या चौकटीतच राहतो, त्याच्या कडा सेलच्या कडांशी जुळतात.

नवखा_इंजिनिअर
ताई, ते एक पूर्ण गरम पॅनेल? ते जोडणीतून सुटलं असेल ना?

ड्रोनवाला_बार्शी
हो, आम्ही त्याला 'डिस्कनेक्टेड मॉड्यूल' असंच लिहितो.

उष्मारेखा
इथे नीट विचार करूया. २८ पॅनेल एकामागे एक, मालिकेत आहेत. त्यातलं एक सुटलं तर करंटचा रस्ताच तुटतो आणि २८ च्या २८ गरम होतात. एकटं गरम पॅनेल सुटलेलं असूच शकत नाही. करंट त्याला वळसा घालून जातोय, म्हणजे अडलेल्या भागाला वळसा देणाऱ्या त्याच्या तिन्ही बायपास डायोडमधून. शिवाय तुम्ही ठिपक्याठिपक्यांचा पट म्हणालात. सुटलेलं पॅनेल सगळीकडे सारखं तापतं. शॉर्ट झालेल्या पॅनेलमध्ये सेल एकमेकांवर भार टाकतात आणि त्यांच्या लहानमोठ्या फरकांमुळे काही जास्त, काही कमी तापतात. पट दिसला की मी आधी डायोड शॉर्ट समजते. वीज जवळ पडल्यावर किंवा मोठा सर्ज आल्यावर असं एखादं पॅनेल सापडतं.

डीसी_वायरमन
ताई बरोबर. अशा पॅनेलची व्हीओसी, म्हणजे करंट वाहत नसतानाचं व्होल्टेज, मोजा, शून्याच्या आसपास येईल. पट्टेवाल्यांचंही तसंच. हाफ-कट ५४० ची व्हीओसी ४९.५, तीन भाग, एका भागाला १६.५ व्होल्ट. डायोड शॉर्ट असेल तर एवढे व्होल्ट गायब.

पण स्ट्रिंग चालू असताना पॅनेल जोडणारा एमसी-फोर कनेक्टर ओढायचा नाही. आधी एससीबीचं आयसोलेटर पाडा, क्लॅम्प लावून करंट शून्य बघा, मग फ्यूज काढा, मग कनेक्टर. डीसीचा आर्क विझत नाही. आणि मीटर १५०० व्होल्टचा हवा. २८ पॅनेलची स्ट्रिंग उन्हातसुद्धा १२०० च्या वर असते, हजारचा मीटर हातात फुटेल.

सांगोलेकर
गरम पॅनेलची व्हीओसी ४९.५ येणार नाही ना? किती धरू?

उष्मारेखा
सेल ६५ अंशांवर असेल तर २५ पेक्षा ४० अंश जास्त. अंशामागे साधारण ०.२७ टक्के घट, म्हणजे ११ टक्के गेले. पॅनेलची ४४ च्या आसपास, आणि एका भागाचे साडेचौदा व्होल्ट. पण हे गणित करत बसू नका. त्याच वेळी शेजारच्या चांगल्या स्ट्रिंगची व्हीओसी मोजा आणि दोन्हींमधला फरक बघा. फरक १४-१५ व्होल्ट आला तर एक डायोड शॉर्ट. फरक नाही, तर डायोड शाबूत आहे आणि तो फक्त काम करतोय. त्या भागात सावली, तुटलेला सेल किंवा सुटलेलं सोल्डर आहे, म्हणून डायोड करंटला वाट काढून देतोय.

असं का होतं? व्हीओसी मोजताना करंट वाहत नाही. तडा गेलेला सेलही करंटशिवाय आपलं व्होल्टेज देतो, त्यामुळे व्हीओसी पूर्ण येते. शॉर्ट झालेला डायोड मात्र करंट असो वा नसो, त्या भागाची दोन टोकं जोडूनच ठेवतो. थर्मल चित्रात दोन्ही पट्टे सारखेच दिसतात. फरक मीटर सांगतो.

राईनकाठ
थोडी भर. डायोड काम करत असेल तर जंक्शन बॉक्सही गरम दिसतो. १३ अँपिअर गुणिले अर्धा व्होल्ट, सहा-सात वॅट त्या एवढ्याशा डबीत जळतात. हाफ-कटमध्ये तीन डब्या मधल्या ओळीत असतात, त्यांच्यावरच्या काचेवर उबदार डाग शोधा. शॉर्ट डायोडमध्ये तो डाग बहुधा मंद असतो. 'बहुधा' म्हणतो, कारण अर्धवट जळलेला डायोड काहीही दाखवतो.

हिशेबनीस
आणि २९ सेलवाले? एका पॅनेलला तेरा-चौदा हजार धरले तरी २९ बदलायचे म्हणजे चार लाखांच्या आसपास. एवढं लिहून द्यायच्या आधी खात्री हवी.

डीसी_वायरमन
आधी धुवा. निम्मे पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग असतील.

ड्रोनवाला_बार्शी
आणि पावसाळा नुकताच संपलाय, तेव्हा खालच्या ओळीतले गवताचे असतील. रंगीत फोटोत दिसेल. पण एवढ्याशा डागाने ३१ अंश कसे चढतात ते मलाही कधी नीट कळलं नाही. मोठी सावली असेल तर समजू शकतो.

उष्मारेखा
उलट आहे, दादा. मोठ्या सावलीत सेल करंट जवळजवळ अडवून टाकतो, डायोड उघडतो आणि बराचसा करंट वळसा घालून जातो. लहान डागामुळे सेल थोडाच कमी पडतो. डायोड पूर्ण उघडत नाही, करंट त्या सेलमधूनच रेटला जातो आणि उलट व्होल्टेज त्याच्यावर चढतं. करंटही आहे, व्होल्टेजही आहे, म्हणून उष्णता जास्त. नाण्याएवढा डाग हाताएवढ्या सावलीपेक्षा जास्त तापवू शकतो. असा डाग महिनोन्‌महिने राहिला तर सेल कायमचा बिघडतो, म्हणून धुणं हा दुरुस्तीचाच भाग समजा. दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी नको. सकाळी धुवा.

नवखा_इंजिनिअर
७२० वॅटवर ३१ अंश मिळाले, तर १००० वॅटवर ४३ होतील का? मी सरळ १००० भागिले ७२० ने गुणलं.

राईनकाठ
ढोबळमानाने सेलसाठी चालेल. पण गरम जागा सोल्डरची किंवा कनेक्टरची असेल तर उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. मग गुणकही वर्गाचाच : १.९३. एमसी-फोर ७२० वॅटवर १५ अंशांनी गरम असेल तर भर उन्हात २९ होईल. सेलमधला दोष कुठल्या नियमाने वाढतो ते दोषावर अवलंबून आहे, तिथे मी एकच आकडा लिहून देत नाही.

ड्रोनवाला_बार्शी
आमच्या अहवालात सरळ गुणाकारच असतो. ग्राहकाला एकच तक्ता हवा असतो.

राईनकाठ
मग तक्त्याच्या वर गुणाकार कसा केला ते लिहा, मोजलेला मूळ आकडाही शेजारी ठेवा. म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल.

उष्मारेखा
एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. सांगोलेकर, तुमची डीसी बाजू ३ मेगावॅटपेक्षा बरीच मोठी असणार. भर दुपारी इन्व्हर्टर आपल्या मर्यादेला टेकला की तो पॅनेलकडून कमी करंट ओढतो. करंट कमी झाला की हॉटस्पॉट थंडावतात. सगळ्यात चांगलं ऊन असतानाच दोष लपतात. आणि फीडर ट्रिप झाला तर करंट शून्य : गरम सेल पाच-दहा मिनिटांत शेजाऱ्यांसारखा होतो आणि सगळा प्लांट बंद स्ट्रिंगसारखा सरसकट तापतो. त्यामुळे उड्डाणाच्या वेळेचा इन्व्हर्टरचा लॉग अहवालाला जोडलाच पाहिजे. मर्यादा गाठायच्या आधीची, साडेसातशे-आठशे वॅटची सकाळची वेळ मला जास्त पसंत आहे.

सांगोलेकर
ही माहिती सोन्यासारखी आहे. लॉग काढून बघतो. मधल्या दिवसांत सगळं करून परत येतो.

*(नऊ दिवसांनंतर)*

सांगोलेकर
मंडळी, जे केलं ते क्रमाने लिहितो.

स्ट्रिंग : आयसोलेटर पाडून फ्यूज बघितला, तो ठीक होता. एससीबीवर व्हीओसी शून्य. टेबलाखालून चालत गेलो तर १९ आणि २० नंबरच्या पॅनेलमधला एमसी-फोर अर्धाच बसलेला होता. नराचं टोक काळं पडलेलं, प्लास्टिक वितळून एका बाजूला वाकलेलं, आणि आतली पिन निळसर झालेली. दोन्ही बाजूंचे कनेक्टर कापून एकाच कंपनीची नवी जोडी बसवली. स्ट्रिंग चालू झाली, क्लॅम्पवर ९.६ अँपिअर, शेजारच्या स्ट्रिंगवर ९.७.

पूर्ण गरम पॅनेल : व्हीओसी ०.४ व्होल्ट. ताईंनी सांगितलं तेच, तिन्ही डायोड शॉर्ट. डब्या सील करणाऱ्या पॉटिंगने भरलेल्या आहेत, डायोड बदलता येत नाहीत. पॅनेल बदललं.

२९ सेलवाले : रंगीत फोटो शेजारी ठेवल्यावर ९ ठिकाणी खालच्या कडेला गवत स्पष्ट दिसलं. गवत कापलं, सगळं धुतलं आणि १४ मीटरवरून सकाळी ७८० वॅटवर पुन्हा उडवलं. गवताचे ९ आणि विष्ठेचे १४ गेले. ६ उरले. त्यातल्या दोघांची काच फुटलेली आहे, गवत कापणाऱ्या यंत्राने उडालेल्या खड्यांमुळे असावी. सगळ्यात गरम, तो ३१ अंशवाला, धुतल्यावर २ अंशांवर आला.

पट्टे : सात ठिकाणी शेजाऱ्याशी तुलना केली. तीन ठिकाणी १४ ते १५ व्होल्ट कमी, म्हणजे डायोड. चार ठिकाणी व्हीओसी पूर्ण.

डीसी_वायरमन
एकाच कंपनीची जोडी बसवली हे लई बरं केलं. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसतात पण आत नीट धरत नाहीत. बाकीच्या स्ट्रिंगचेही एमसी-फोर ओढून बघा, अर्धा बसलेला एकटा नसतो.

हिशेबनीस
म्हणजे ३८ पैकी आत्ता बदललेलं पॅनेल एक. फुटलेली दोन लवकरच. चार लाखांचं काम चाळीस हजारांच्या आसपास आलं.

राईनकाठ
फुटलेल्या काचेची पॅनेल पावसाआधी काढा. ओल आत गेली की इन्सुलेशन जातं, तो सुरक्षेचा प्रश्न आहे, युनिटचा नाही. उरलेल्या चार सेलवाल्यांचे आकडे काय?

सांगोलेकर
७८० वॅटवर ८, ११, १२ आणि २२ अंश. २२ वाल्यासाठी वॉरंटीत दावा करतोय. कंपनी म्हणते थर्मल फोटो पुरेसा नाही, आयव्ही कर्व्ह, म्हणजे करंट-व्होल्टेजचा आलेख, जोडा.

राईनकाठ
२२ वर दावा योग्य. ८ वाल्याला मी हात लावणार नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघा.

ड्रोनवाला_बार्शी
आम्ही १० च्या वरचे सगळे दाव्यात टाकतो.

उष्मारेखा
११ आणि १२ वर माझंही मत पक्कं नाही. त्यांचा सिरीयल नंबर आणि सेलची जागा नोंदवून ठेवा. वाढत गेले तर तोच सगळ्यात मजबूत पुरावा. नोंदीत जीपीएसवर विसंबू नका. जागा अचूक देणारं आरटीके नसेल तर दोन-तीन मीटर चूक सहज होते आणि पुढच्या वेळी शेजारच्या टेबलावर जाल. एससीबी, स्ट्रिंग, टेबल, डावीकडून कितवं पॅनेल, असं लिहा.

सांगोलेकर
होय ताई. एक शेवटचं अडलंय. व्हीओसी पूर्ण आलेल्या चार पट्ट्यांपैकी एकात उभ्या पट्ट्याचा फक्त वरचा अर्धा भाग गरम आहे, खालचा नाही. सावली नाही, डाग नाही. हे काय असेल?

उष्मारेखा
हाफ-कटमध्ये प्रत्येक पट्ट्याचे वरचे २४ आणि खालचे २४ अर्धे सेल समांतर असतात. वरच्या अर्ध्यात एखादी पट्टी पूर्ण तुटली असेल तर तिथे करंट वाहणार नाही आणि तो भाग बंद स्ट्रिंगसारखा सरसकट गरम होईल. खालचा अर्धा शाबूत असल्यामुळे व्हीओसी पूर्णच येईल. इथे मीटर काही सांगणार नाही.

राईनकाठ
मला शंका आहे. तसं असेल तर खालचा अर्धा एकटा पूर्ण करंट देऊ शकत नाही, डायोड उघडायला हवा आणि खालचा भागही थोडा तापायला हवा. जंक्शन बॉक्स गरम आहे का?

सांगोलेकर
१४ मीटरवरच्या चित्रात मधल्या डबीवर ३ अंशांचा डाग आहे. खालचा भाग शेजाऱ्यापेक्षा एक-दीड अंशांनीच वर, तेवढं तर कॅमेऱ्याच्या गोंगाटातही असतं.

डीसी_वायरमन
सकाळी सात-आठला, ऊन कमी असताना, आयसोलेटर पाडून त्या पॅनेलचं आयएससी, म्हणजे दोन टोकं जोडल्यावर वाहणारा करंट, शेजारच्या पॅनेलशी ताडून बघा. आयएससी सारखंच आलं तरी फसू नका, बाकीचे दोन पट्टे डायोडमधून करंट देतीलच. आयव्ही ट्रेसर मिळाला तर कर्व्हमध्ये पायरी दिसेल.

सांगोलेकर
दाव्यासाठी ट्रेसर भाड्याने येतोच आहे गुरुवारी. त्याच दिवशी हे पॅनेलही लावतो आणि कर्व्ह इथे टाकतो.